डोळ्यातला वजनकाटा

तेलगावच्या चौकातून चार वाटा फुटतात: बीड, परळी, माजलगाव आणि धारूर. दिवाळी उलटली की या वाटांनी ऊस येऊ लागतो आणि लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याच्या काट्यापुढे ट्रॅक्टर, ट्रक आणि टायरगाड्यांची रांग लागते. काट्यावर काय होते ते इथल्या लहान पोरालाही माहीत असते. भरलेली गाडी काट्यावर चढते, आकडा लिहिला जातो. गव्हाणीत ऊस टाकून तीच गाडी रिकामी परत येते, दुसरा आकडा लिहिला जातो. पहिल्यातून दुसरा वजा केला की उसाचे निव्वळ वजन हाती येते. गाडी किती जड होती, याच्याशी शेतकऱ्याला देणेघेणे नसते.

दर रविवारी आमच्या ओसरीवर पाच-सात पोरे जमतात. मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर, त्यांच्याशी डोळ्यावर बोलत गेलो आणि त्या बोलण्याची टिपणे साठत गेली. तीच या पुस्तिकेत छापली आहेत. टिपणे सुटी सुटी आहेत, एकेका प्रयोगाभोवती गुंफलेली आहेत. त्यांच्या मागचा विषय मात्र एकच आहे आणि तो सलगपणे कुठेतरी सांगायला हवा होता, म्हणून ही लांबलेली प्रस्तावना. विषय असा: डोळ्यात पडणारा उजेड मेंदूकडे जसाच्या तसा जात नाही. डोळ्याच्या आतच, मेंदूला काही कळण्याआधी, एक वजनकाटा बसवलेला आहे. तो प्रत्येक जागेच्या उजेडातून आजूबाजूचा उजेड वजा करतो आणि निव्वळ तेवढे पुढे धाडतो.

हे पोरांना पटवायला मी वर्तमानपत्र घेतो. दुपारी बारा वाजता अंगणातल्या उन्हात ते उघडले तर कागद पांढरा आणि अक्षरे काळी. संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली उघडले तरी कागद पांढरा आणि अक्षरे काळीच. यात नवल काय, असे पोरे विचारतात. मग हिशेब मांडायचा. भर उन्हात जमिनीवर साधारण 1,00,000 लक्स उजेड पडतो. घरातल्या ट्यूबखाली 150 धरू. वर्तमानपत्राचा कागद पडलेल्या उजेडापैकी 60 टक्के परत फेकतो आणि छपाईची शाई 6 टक्के, असे ढोबळ मानू. उन्हात कागदाकडून 60,000 आणि शाईकडून 6,000 एकक उजेड डोळ्याकडे येतो. घरात कागदाकडून 90 आणि शाईकडून 9. आता उन्हातली शाई आणि घरातला कागद शेजारी ठेवून पाहा: 6,000 आणि 90. उन्हातली ‘काळी’ शाई घरातल्या ‘पांढऱ्या’ कागदापेक्षा साठ पटींहून अधिक उजेड डोळ्यात ओतते आहे, आणि तरीही ती काळी दिसते. दोन्ही ठिकाणी सारखे राहिले ते एकच, कागद आणि शाई यांचे दहास एक हे प्रमाण. डोळ्याला उजेडापेक्षा हे प्रमाण हवे असते. ते तो कसे काढतो, हा पुढचा सगळा खटाटोप.

आपल्याकडे डोळ्याच्या मागच्या अस्तराला साधे ‘पडदा’ म्हणतात. ‘पडदा सरकला’, ‘पडद्याला सूज आली’ असे रुग्ण सांगतात. पाठ्यपुस्तकात तो दृष्टिपटल होतो. पडदा या शब्दाने एक गैरसमज मात्र घट्ट बसतो. सिनेमाच्या पडद्यावर चित्र पडते आणि पडदा स्वतः काही करत नाही. हा पडदा तसा नाही. तो खरे तर मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे, गर्भात मेंदूच्याच भिंतीला फुगवटा येऊन तो तयार होतो. जाडी अर्धा मिलिमीटरही नाही, पण त्यात पेशींचे तीन थर आहेत आणि त्यांच्यामध्ये जोडण्यांचे दोन दाट पट्टे.

सर्वांत मागे उजेड टिपणाऱ्या पेशी: अंधुक उजेडासाठी दंडपेशी, प्रत्येक डोळ्यात सुमारे 12 कोटी, दिवसाउजेडी आणि रंगांसाठी शंकुपेशी, सुमारे 60 लाख. मधल्या थरात द्विध्रुवी पेशी, ज्या निरोप पुढे नेतात. आणि सर्वांत पुढे गुच्छिकापेशी, ज्यांचे लांब तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते आणि मेंदूकडे जाते. या गुच्छिकापेशी फक्त दहा-बारा लाख आहेत. बारा कोटींहून अधिक टिपणारे आणि निरोप नेणारे दहा-बारा लाख. ही वाट अरुंद आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक तंतू सेकंदाला काहीशेपेक्षा जास्त ठोके पाठवू शकत नाही. उलट ताऱ्यांच्या उजेडापासून भर उन्हापर्यंत बाहेरचा उजेड काही कोटी पटींनी बदलतो. जे दिसते ते सगळे तसेच कळवायचे ठरवले, तर हे गणित कधीच जुळणार नाही.

आडव्या दिशेचे कामही याच पडद्यात चालते. शंकुपेशी आणि द्विध्रुवी पेशी जिथे जोडल्या जातात तिथेच ‘आडव्या पेशी’ नावाच्या पेशी हातपाय पसरून बसलेल्या असतात. एकेक आडवी पेशी अनेक टिपणाऱ्या पेशींकडून निरोप गोळा करते आणि त्यांच्या सरासरीइतका दाब उलट त्यांच्यावरच टाकते. एखाद्या शंकूच्या शेजारी भरपूर उजेड असेल, तर त्या शंकूचा आवाज थोडा दाबला जातो. याला पुस्तकी भाषेत पार्श्व-अवरोध म्हणतात. टिपणांमध्ये मी ‘शेजारचा अटकाव’ असे लिहिले आहे, कारण पोरांच्या तोंडी तेच बसले. आडवी पेशी हा उलटा दाब नेमका कोणत्या मार्गाने टाकते, रसायनाने, आम्लतेत बदल करून की विजेच्या दाबाने, यावर जाणकारांत अजून वाद आहे. दाब टाकते यावर वाद नाही.

हे कळले कसे, याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिची सुरुवात एका समुद्री प्राण्यापासून होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नालेच्या आकाराचा एक खेकडा सापडतो. नाव खेकडा असले तरी गोत्राने तो कोळ्यांना जवळचा. त्याच्या संयुक्त डोळ्यात सुमारे हजार मोठे मोठे नेत्रक असतात आणि एकेकाचा चेतातंतू सुटा करून त्यावरचे ठोके मोजता येतात. केफर हार्टलाइन याने 1930च्या दशकापासून हेच केले. एका नेत्रकावर उजेड टाकला की ठोके वाढतात, हे अपेक्षेप्रमाणेच होते. पण प्रयोगशाळेतला दुसरा दिवा लागला की, म्हणजे एकूण उजेड वाढला की, त्याच नेत्रकाचे ठोके कमी होत. उजेड वाढवा आणि निरोप घटतो! दुसरा दिवा शेजारच्या नेत्रकांवर पडत होता आणि शेजारी या नेत्रकाला दाबत होते. पुढे फ्लॉइड रॅटलिफच्या साथीने हार्टलाइनने हा दाब किती, अंतराबरोबर तो कसा घटतो, दोन शेजारी एकमेकांना दाबतात तेव्हा काय होते, हे सगळे आकड्यांत बसवले. 1967 सालच्या वैद्यक नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

ग्रहणक्षेत्र हा शब्द डोळ्याच्या तंतूंना हार्टलाइननेच 1938 साली लावला. अर्थ सोपा आहे: पडद्याच्या ज्या तुकड्यावर उजेड पाडल्याने एखाद्या गुच्छिकापेशीचे ठोके बदलतात, तो तिचा तुकडा. त्या पेशीची हद्दच म्हणा. तिचा अंतर्गत नकाशा मात्र 1953 साली बाल्टिमोरमध्ये स्टीफन कफलरने काढला. त्याने गुंगी दिलेल्या मांजराच्या शाबूत डोळ्यात बारीक इलेक्ट्रोड घालून एकेका गुच्छिकापेशीचे ठोके ऐकले आणि पडद्यावर उजेडाचा बारीक ठिपका इकडून तिकडे फिरवला. या पेशी अंधारातही गप्प नसतात, संथपणे ठोके देत राहतात. ठिपका हद्दीच्या मध्यावर आला की काही पेशींचे ठोके भराभर वाढत. तोच ठिपका जरा बाजूला सरकवला की ठोके थांबत, आणि तिथला ठिपका विझवला की उसळून येत. मध्यावर होकार, भोवतीच्या कड्यात नकार. दुसऱ्या जातीच्या पेशींत हेच उलटे: मध्यावर अंधार झाला की त्या बोलतात, भोवती अंधार झाला की गप्प होतात. पहिलीला उजेड-केंद्री म्हणू, दुसरीला अंधार-केंद्री. काळे अक्षर वाचायला ही दुसरी जात तितकीच लागते. ‘इथे भोवतीपेक्षा कमी आहे’ ही गप्प बसून सांगण्याची गोष्ट नाही, तीही कुणीतरी ओरडून सांगावी लागते.

कफलरला आणखी एक गोष्ट दिसली. सगळा डोळा एकसारख्या उजेडाने भरून टाकला, तर पेशी जेमतेम बोलते. मध्य होकार देतो, कडे नकार देते, दोघांची वजाबाकी होऊन हाती फारसे उरत नाही. रिकामी गाडी काट्यावर चढवून तिच्यातून तिचेच वजन वजा करावे, तसे. याआधीचे कित्येक संशोधक डोळ्यावर दिवा भसकन लावून निरोप मोजत होते आणि निरोप इतका दुबळा का, म्हणून डोके खाजवत होते.

वजाबाकीने काय साधते ते पाहायला तेलगावात पत्र्याच्या शेडची सावली पुरते. पत्र्याची कड जमिनीपासून तीन मीटरवर असेल, तर दुपारच्या वेळी जमिनीवरची सावली एकदम संपत नाही. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, म्हणून गडद सावली आणि पूर्ण ऊन यांच्यामध्ये पावणेतीन सेंटिमीटरांचा एक पट्टा असतो ज्यात उजेड हळूहळू वाढत जातो. गुळगुळीत कोब्यावर वा पसरलेल्या पांढऱ्या धोतरावर ही कड नीट पाहा. पट्टा जिथे संपून पूर्ण ऊन सुरू होते, तिथे उन्हाहूनही उजळ अशी एक बारीक रेघ दिसते. सावलीच्या बाजूला, पट्टा सुरू होतो तिथे, सावलीहून गडद अशी दुसरी रेघ दिसते. उजेडमापक लावला तर दोन्ही रेघा सापडत नाहीत. त्या जमिनीवर नाहीतच. ऑस्ट्रियातल्या एर्न्स्ट माखने 1865 साली त्यांचे वर्णन केले आणि त्यांचे कारण पडद्यातल्या शेजाऱ्यांच्या देवघेवीत शोधले. तेव्हा एकाही गुच्छिकापेशीचा ठोका कुणी ऐकलेला नव्हता.

पोरांकडून मी हे पाटीवर करून घेतो. सावलीकडून उन्हाकडे नऊ जागा घ्या आणि त्यांवरचा उजेड असा लिहा:

10, 10, 10, 15, 20, 25, 30, 30, 30

नियम एकच: प्रत्येक जागेने स्वतःच्या आकड्यातून डावीकडच्या आणि उजवीकडच्या शेजाऱ्याचा पाचवा हिस्सा वजा करायचा. सावलीत खोल असलेल्या जागेला 10 वजा 2 वजा 2, म्हणजे 6 मिळतात. पण सावलीच्या शेवटच्या जागेचा उजवा शेजारी 15 आहे, म्हणून तिला 10 वजा 2 वजा 3, म्हणजे 5 मिळतात. ती बाकीच्या सावलीहून काळी झाली. उन्हातल्या पहिल्या 30 चा डावा शेजारी 25 आहे, तिचे 30 वजा 5 वजा 6 होऊन 19 उरतात. तिच्या पुढच्या जागांना मात्र 18. ती बाकीच्या उन्हाहून उजळ झाली. (टोकाच्या दोन जागांचा बाहेरचा शेजारी त्यांच्याइतकाच धरला आहे.) पूर्ण उत्तर असे:

6, 6, 5, 9, 12, 15, 19, 18, 18

माखच्या दोन्ही रेघा पाटीवर उतरल्या. जिथे उजेडाचा चढ एकसारखा आहे तिथे काहीच विशेष घडले नाही. चढ जिथे मोडतो, त्याच दोन जागा उठून दिसल्या.

इथेच थांबलो असतो तर ही प्रस्तावना शाळेच्या पुस्तकासारखी गुळगुळीत झाली असती. पण एका मुलीने पाटीवरचे सगळे आकडे दुप्पट केले आणि मला पेचात टाकले. ऊन दुप्पट झाले तर 20, 20, 20, 30 असे आकडे येतील आणि उत्तर 12, 12, 10, 18 असे तेही दुप्पटच होईल. मग शाई काळीच का दिसते? तिचे बरोबर होते. नुसत्या वजाबाकीने फरक मिळतो, प्रमाण मिळत नाही. उन्हात कागद आणि शाई यांतला फरक 54,000 आहे, घरात 81. प्रमाणासाठी भागाकार हवा, आणि तो पडद्यात होतो. शंकुपेशी स्वतः उजेडाला सरावतात: भोवतीचा सर्वसाधारण उजेड वाढला की त्या काही क्षणांत आपली तिखटता त्याच पटीत उतरवतात. पुढच्या थरांतही असाच सराव होत राहतो. मांडवातून उन्हात आल्यावर क्षणभर डोळे दिपतात, तो या भागाकाराला लागणारा वेळ. वजाबाकी आणि भागाकार हे दोन वेगळे व्यवहार आहेत, दोन्ही मिळून काम होते. वाचायला मिळणाऱ्या बऱ्याच सोप्या लिखाणात सगळे श्रेय शेजारच्या अटकावालाच दिलेले असते.

ते श्रेय आणखी एका ठिकाणी जादा दिले गेले आहे. काळ्या चौकोनांमधल्या पांढऱ्या गल्ल्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे करडे डाग दिसतात. लुडिमार हर्मानने 1870 साली सांगितलेली ही जाळी आता प्रत्येक पुस्तकात असते. चौकात उभ्या असलेल्या जागेला चार बाजूंनी उजेड, म्हणून तिला जास्त अटकाव, म्हणून ती करडी, असे उत्तर वर्षानुवर्षे दिले गेले. मीही वर्गात दिले. मग हंगेरीतल्या यानोश गायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चौकोनांच्या कडा जराशा नागमोडी करून दाखवल्या आणि डाग नाहीसे झाले. चौकातला उजेड जवळपास तितकाच, शेजारीही तितकेच, तरी डाग गायब. म्हणजे नुसता शेजारचा अटकाव त्या डागांना पुरत नाही; त्यांच्यामागे सरळ कडा ओळखणारे मेंदूतले काहीतरी असावे. या पुस्तिकेत ही जाळी छापली आहे, पण तिच्याखाली नागमोडी जाळीही छापली आहे, आणि दोन्ही पाहिल्याशिवाय पान उलटू नये.

आता पुन्हा काट्याकडे. पडद्याने ही वजाबाकी करावीच कशाला? ‘कडा ठळक व्हाव्यात म्हणून’ हे रूढ उत्तर मला अर्धवट वाटते. मला पटलेले उत्तर 1982 साली ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या तिघांनी दिले, त्यांतले पहिले बंगळूरला शिकलेले मंड्यम श्रीनिवासन. सोबत सायमन लॉफलिन आणि आंद्रेयास डुब्स. त्यांचे म्हणणे असे. जगात शेजारशेजारच्या जागा बहुतेक वेळा सारख्याच असतात. भिंतीचा एक ठिपका पांढरा असेल तर त्याच्या बाजूचाही पांढराच असणार. मग शेजाऱ्यांवरून मधल्या जागेचा अंदाज करता येतो. जे अंदाजाने कळते ते अरुंद वाटेवरून पाठवणे म्हणजे फुकटचे भाडे. म्हणून कडे अंदाज बांधते, मध्य प्रत्यक्ष मोजतो, आणि मेंदूकडे जाते ती फक्त अंदाजातली चूक. गावात रोज जे असते ते कुणी कुणाला फोन करून सांगत नाही. बैल सुटला तरच फोन होतो.

या विचाराची खरी परीक्षा अंधारात होते. उजेड फार कमी असतो तेव्हा एकेका टिपणाऱ्या पेशीकडे येणारा उजेड इतका तुटक असतो की तिचा आकडा भरवशाचा राहत नाही. तिथे शेजाऱ्याशी असलेला फरक काढला, तर हाती निव्वळ गोंधळ येईल. अशा वेळी शहाणपण उलट आहे: शेजाऱ्याचे वजा करू नका, त्याच्यात मिळवा. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांच्या गणितातून हेच निघते की उजेड घटेल तसे कडे रुंद आणि फिके होत जावे, आणि माशीच्या डोळ्यात त्यांना तसेच आढळले. मांजराच्या डोळ्यात तर हे 1957 सालीच दिसले होते. होरेस बार्लो, रिचर्ड फिट्झह्यू आणि कफलर यांनी मांजराला दीर्घ काळ काळोखात ठेवून त्याच गुच्छिकापेशी पुन्हा ऐकल्या, तेव्हा नकाराचे कडे उरलेच नव्हते. होकाराचा मध्य तेवढा शिल्लक होता. अमावास्येच्या रात्री शेताच्या बांधावरून चालताना माणूस उभा आहे एवढे कळते, चेहऱ्याच्या कडा कळत नाहीत. त्यामागे दंडपेशींची मोठी झुंड एका तंतूवर जोडलेली असणे हे कारण आहेच, पण काटा बंद करून ठेवलेला असतो हेही एक कारण आहे.

हंगामात रात्रीच्या रस्त्यावर हा काटा अर्धवट चालू असतो, आणि तिथेच त्याची हद्द कळते. वाळक्या पाचटाने झाकलेली उसाची ट्रॉली डांबरी रस्त्याच्या कडेला उभी आहे, मागे रेडियमची पट्टी नाही. ट्रॉलीकडून डोळ्यात 0.3 एकक उजेड येतो असे धरू, मागच्या काळोख्या रस्त्याकडून 0.2. फरक 0.1, म्हणजे पार्श्वभूमीच्या 50 टक्के. हे सहज दिसायला हवे. आता समोरून अपर मारत एक गाडी येते. तिचा उजेड थेट आपल्या भिंगात शिरतो आणि भिंगात, बुबुळात, डोळ्यातल्या पाण्यात विखुरून सगळ्या पडद्यावर धुक्यासारखा पसरतो. या धुक्याचे 2 एकक धरू. ट्रॉली 2.3 झाली, रस्ता 2.2. फरक तोच 0.1, पण पार्श्वभूमीच्या साडेचार टक्केच. हिशेबातले आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. घडते ते असेच.

पोरांचा प्रश्न इथे हमखास येतो: काटा आहे ना, मग तो हे 2 वजा का करत नाही? करतो. धुके सगळीकडे सारखे असल्यामुळे मध्यातही 2 आणि कड्यातही 2, ते वजा होऊन जातात आणि 0.1 चा फरक उरतो. पण तो आता पुरत नाही. उजेड थेंबाथेंबाने येतो आणि त्याचा स्वतःचा चढउतार असतो. उजेड अकरा पट झाला की हा चढउतार तीन पटींहून जास्त होतो. वर भागाकाराचा सराव आपली तिखटता उतरवून बसलेला. त्यामुळे दिसायला लागणारा किमान फरक तीन पटींपासून अकरा पटींपर्यंत कुठेतरी चढतो आणि ट्रॉली त्याच्या खाली राहते. एक टन मालाच्या काट्यावर चिमूटभर साखर मोजावी, तसे होते. वजाबाकी बरोबर असते, पण काट्याची थरथरच चिमटीपेक्षा मोठी. गाडी निघून गेल्यावरही सराव परत यायला काही क्षण जातात, आणि त्या क्षणांत चाके पुढे जातच असतात. रेडियमच्या पट्टीचे महत्त्व यातून आकड्यांत कळते: ती आपल्याच दिव्याचा उजेड आपल्याकडे परत फेकते, फरक 0.1 वरून कितीतरी वर नेते, आणि काट्याला मोजण्यासारखा माल देते.

मोतीबिंदूवाल्या माणसाचे भिंग उजेड जास्त विखुरते, म्हणून हेच धुके त्याला दाट लागते. दोष पडद्याच्या अलीकडचा, काटा धड आहे. भिंग बदलले की पुष्कळसे काम होते. काचबिंदूचे तसे नाही. त्यात मरतात त्या गुच्छिकापेशीच, म्हणजे काटेच गंजून जातात, आणि गेलेली गुच्छिकापेशी परत येत नाही. त्यातही फसवे हे की मध्यभागची नजर बहुधा शेवटपर्यंत टिकते. तक्त्यावरची सर्वांत खालची काळीभोर ओळ असा रुग्ण वाचून दाखवतो आणि ‘नजर चांगली आहे’ म्हणून घरी जातो. 1862 पासून चालत आलेला स्नेलेनचा तक्ता अक्षरांचा आकार बदलतो, शाई मात्र गडदच ठेवतो. फिके दिसणे त्याला तपासताच येत नाही. त्यासाठी 1988 साली डेनिस पेली आणि जॉन रॉबसन यांनी वेगळा तक्ता केला: सगळी अक्षरे एकाच मोठ्या आकाराची, पण दर तीन अक्षरांनी शाई फिकी होत जाते, शेवटी कागदात विरते. कुठवर वाचता येते ते लिहून घ्यायचे. हा तोच रॉबसन, ज्याने 1966 साली क्रिस्टिना एन्रोथ-कुगेलसोबत मांजराच्या गुच्छिकापेशींचे ग्रहणक्षेत्र गणितात बसवले होते. फिका तक्ता चुकला म्हणजे काचबिंदूच असे मात्र नाही. मोतीबिंदूतही तो चुकतो, चष्म्याचा नंबर चुकला तरी चुकू शकतो. काचबिंदू ठरवायला डोळ्याचा दाब, दृष्टिचेतेचे तोंड आणि बाजूच्या नजरेची तपासणी या तिन्ही गोष्टी लागतात.

शब्दांविषयी थोडेसे. गुच्छिकापेशी हे नाव मला स्वतःला गोड वाटत नाही, पण विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत ‘गुच्छिका’ रुळले आहे आणि नवे नाव पाडून गोंधळ वाढवण्यात अर्थ नव्हता. ‘मध्य’ आणि ‘कडे’ हे शब्द मात्र आमच्या ओसरीवरचे आहेत.

एक सूचना उरली. पहिल्या टिपणातला सावलीचा प्रयोग निरभ्र दिवशी अकरा ते दोनच्या दरम्यान करावा. सूर्याकडे पाहायचे नाही, नजर जमिनीवर ठेवायची. उजळ रेघ दिसली की तिच्या दोन्ही बाजूंना दोन जाड पुठ्ठे ठेवून रेघेपुरती फट उघडी ठेवावी. रेघ नाहीशी होते. पुठ्ठे काढले की परत येते. ढगाळ दिवशी सावलीला कडच नसते, तेव्हा प्रयोग फसतो. आणि पत्रा फार खाली असेल, हातभर उंचीवर, तर पट्टा इतका अरुंद होतो की रेघ शोधूनही सापडत नाही. आमच्या पहिल्या रविवारी असेच झाले होते. शेवटी पोरांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा सोडून ट्रॅक्टरच्या शेडची कड धरली, तेव्हा दिसली.